किरणाकृती काढून झाली? आधी समांतर किरण मोजा

मागच्या वेळी माझी आकृती दिसायला सुबक होती, प्रतिमा मात्र भलत्याच जागी पडली. चूक मिलिमीटरभराचीच होती. म्हणून वही मिटण्याआधी एवढं बघाच.

पेन्सिलीला टोक हवं, हे सांगायला नको. पट्टीची कड तपासा. एक रेघ मारा, मग पट्टी अर्धा फेरा फिरवून तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने त्याच दोन टोकांना लावा आणि पुन्हा रेघ मारा. मध्ये फट दिसली तर कड वाकडी आहे. शून्याचं टोक झिजलं असेल तर १ पासून मोजा.

आता मुख्य गोष्ट. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २ सेमी, वस्तू ३ सेमीवर, उंची १ सेमी, असं धरा. प्रतिमा पलीकडे ६ सेमीवर, उलटी आणि २ सेमी उंच यायला हवी. बाणाच्या टोकातून मुख्य अक्षाला समांतर जाणारा किरण भिंगाच्या मधल्या उभ्या रेषेवर नेमका १ सेमी उंचीला पोचला पाहिजे. पट्टी जराशी हलून तो १.१ वर गेला, तर प्रतिमा साधारण ५.१ सेमीवर येते. ०.९ वर गेला तर थेट ७.७ वर! वस्तू नाभीजवळ असली की पलीकडे हा किरण आणि प्रकाशीय केंद्रातून जाणारा दुसरा किरण अगदी लहान कोनात छेदतात, म्हणून एवढीशी चूक एवढी फुगते. तेव्हा समांतर किरणाची उंची दोन्ही टोकांना मोजा. नजरेवर विसंबू नका, नजरेला तो समांतरच दिसतो. गुण्या असेल तर उत्तमच, पण तरीही मोजा.

मग तिसरा किरण काढा: अलीकडच्या नाभीतून जाणारा, भिंगानंतर अक्षाला समांतर होणारा. इथे तो अक्षाखाली २ सेमीवर वळतो, म्हणून भिंगाची उभी रेषा तेवढी लांब ठेवा. तिन्ही किरण एका ठिपक्यात आले तर ठीक. बारीक त्रिकोण झाला तर त्रिकोणाचा मध्य धरून मोकळं होऊ नका. परत समांतर किरणाकडे जा आणि दोन्ही टोकं मोजा. प्रकाशीय केंद्रातला किरण मोडला नाही ना, तेही बघा. तो सरळच जातो.

किरण मधल्या रेषेवर एकदाच वळवा, दोन्ही पृष्ठभागांवर नको. दिशेचे बाण हवेतच. आभासी प्रतिमा आणि मागे वाढवलेले किरण तुटक रेषेने.

अंतर्वक्र आरशालाही हेच, फक्त किरण परत वळतात. कंस फार खोल काढू नका, कडेचे किरण नाभीत जात नाहीत. नावं द्या. आणि समांतर किरण मोजला ना? दोन्ही टोकांना?