हिंदीभाषकाला मराठी शिकवण्यासाठी शब्दतक्ता कसा करावा

ऑफिसात, सोसायटीत किंवा घरातच सून-जावई म्हणून आलेलं कुणी हिंदीभाषक मराठी शिकायला लागलं, की पहिली मागणी येते ती शब्दांच्या यादीची. आपणही भराभर लिहून देतो: पाणी म्हणजे पानी, शाळा म्हणजे स्कूल. यादी पाठ होते, तरी माणूस 'पाणीमध्ये' आणि 'शाळामध्ये' म्हणत राहतो. मराठी शब्द वाक्यात गेल्यावर कसा वाकतो, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून यादीऐवजी चार रकान्यांचा तक्ता करा: शब्द, अर्थ, वाक्य आणि टीप. वही चालेल, एक्सेल चालेल. कोणत्या रकान्यात काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिल्या रकान्यात नाम कधीही एकटं लिहू नका. त्याच्याआधी तो, ती किंवा ते लिहा आणि कंसात सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं ते, द्या. 'ते पाणी (पाण्या-)', 'ती नदी (नदी-)'. दोन्ही शब्द ई-कारान्त, पण एकाचं 'पाण्यात' होतं आणि दुसऱ्याचं 'नदीत'. फरक लिंगामुळे पडतो. लोणी नपुंसकलिंगी, म्हणून लोण्यात. खुर्ची स्त्रीलिंगी, म्हणून खुर्चीत. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे शिकणारा प्रत्येक शब्द दोनपैकी एका खणात टाकू पाहतो. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, 'दही' पुल्लिंगी. मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी. आपल्याला लिंग सहज येतं, पण विचारलं की गोंधळ उडतो. अशा वेळी शब्दाआधी माझा, माझी, माझं लावून मोठ्याने म्हणा, कान लगेच सांगतो. तरीही शंका राहिली तर मोल्सवर्थच्या कोशात बघा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते आणि नामांपुढे लिंग दिलेलं असतं.

क्रियापद लिहिताना 'शिकणे' एवढंच न लिहिता 'शिकणे (मी शिकलो)' असं भूतकाळासकट लिहा. हिंदीत 'मैंने सीखा', 'मैंने पिया', 'मैंने लिया' ही तिन्ही एकाच साच्यातली. मराठीत मात्र 'मी चहा घेतला', पण 'मी चहा प्यायलो'. हे नियमाने समजावत बसण्यापेक्षा प्रत्येक क्रियापदासोबत त्याचं भूतकाळी रूप दिलेलं बरं.

अर्थाच्या रकान्यात एका ओळीला एकच अर्थ. 'लागणे' हे क्रियापद घ्या: भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, पाऊस पडायला लागतो. हे सगळं एका खणात कोंबलं तर त्यातलं एकही वापरता येत नाही. आज 'भूक लागली' एवढीच ओळ द्या. बाकीचे अर्थ बोलण्यात भेटतील तेव्हा प्रत्येकाला नवी ओळ.

आता वाक्य. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. 'हे पाणी आहे' किंवा 'पाणी गरम आहे' ही वाक्यं बरोबर आहेत, पण तक्त्यासाठी निकामी. गरम, गार, गोड, लाल ही विशेषणं लिंगानुसार बदलत नाहीत, म्हणून पाणी कोणत्या लिंगाचं हे त्या वाक्यातून कळतच नाही. 'थोडं पाणी दे' यातून कळतं, 'पाणी सांडलं' यातूनही कळतं. पुढे एक वाक्य असं हवं की त्यात शब्दाला प्रत्यय लागला आहे: 'पाण्यात पाय देऊ नकोस.' दोन छोटी वाक्यं, एक लिंग दाखवणारं आणि दुसरं सामान्यरूप दाखवणारं. एकाच लांब वाक्यात दोन्ही साधायला गेलात तर ते पाठ होत नाही.

काही ओळी भरून बघू. शिकणारा पुरुष आहे असं धरलंय.

| शब्द | अर्थ | वाक्य | टीप |
|---|---|---|---|
| ते पाणी (पाण्या-) | पानी | पाणी सांडलं. पाण्यात पाय देऊ नकोस. | 'पाणीमध्ये' नाही. |
| तो आवाज (आवाजा-) | आवाज़ | टीव्हीचा आवाज मोठा आहे. आवाजाने बाळ उठेल. | हिंदीत स्त्रीलिंगी, इथे पुल्लिंगी. |
| ती वेळ (वेळे-) | ठरलेला समय | जेवायची वेळ झाली. वेळेवर ये. | घड्याळातली वेळ. |
| तो वेळ (वेळा-) | लागणारा समय | यायला फार वेळ लागला. थोड्या वेळाने फोन करतो. | किती वेळ गेला ते. |
| शिकणे (मी शिकलो) | सीखना | मी थोडी मराठी शिकलो. | 'मी मराठी शिकली' नाही. |
| आपण | हम, सुननेवाले के साथ | आपण जेवायला जाऊया का? | समोरचा सोबत नसेल तर 'आम्ही'. |

टीपेच्या रकान्यात व्याकरणाचा धडा लिहायचा मोह होतो, तो आवरा. टीप एकाच प्रश्नाचं उत्तर असावी: हिंदीच्या सवयीने हा माणूस इथे नेमकं काय चुकेल? 'आपण'पुढची टीप याचसाठी. हिंदीत 'हम' एकच, त्यामुळे तो तुम्हालाच सोबत बोलावताना 'आम्ही जेवायला जाऊया' म्हणतो. शिवाय 'आप'च्या सवयीने समोरच्या माणसालाही 'आपण' म्हणतो. त्याला सांगा, रोजच्या बोलण्यात मान द्यायला 'तुम्ही' पुरतं. तसंच 'खाली' म्हणजे रिकामं नव्हे, नीचे. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण नव्हे, सज़ा. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न नव्हे, मज़ाक. जिथे चुकण्याची शक्यता नाही तिथे टीप कोरी सोडा. सगळे खण भरलेले असले की महत्त्वाची टीप नजरेतून सुटते.

वाक्यं बोलीभाषेतच लिहा. 'पाणी सांडले' हे छापील रूप नंतर आपोआप कळेल. बोलताना मात्र 'सांडलं' हेच कानावर पडणार आहे. शिकणारी बाई असेल तर 'मी शिकले' असं तिच्या तोंडचं रूप द्या. ती कोल्हापूरकडे राहत असेल तर तिथल्या बायका 'मी शिकलो' म्हणताना तिला ऐकू येतील. ते चूक नाही, तिथली बोली आहे, हे टीपेत जरूर लिहा.

एका बैठकीला सहा-सात ओळी पुष्कळ झाल्या. तपासताना बाकीचे तिन्ही रकाने झाकून फक्त अर्थ दाखवा आणि लिहिलेलं नसलेलं वाक्य मागा. 'नमक कहाँ डालूँ?' याचं उत्तर 'पाण्यात टाक' असं न अडखळता आलं तर ती ओळ बसली. मग 'दुधात', 'लोण्यात' विचारा. 'पाणी' बरोबर सांगून 'पाणीत' म्हणाला तर शब्द आलाय, सामान्यरूप नाही. त्या ओळीवर खूण करा आणि दोन दिवसांनी तीच ओळ नव्या वाक्यासह परत घ्या. जुनं वाक्य ठेवलंत तर तो पाठ केलेलं म्हणून दाखवेल आणि तुम्हाला काही कळणार नाही.

तक्ता त्यालाच लिहू द्या, तुम्ही फक्त सुधारा. बोलताना तो जी चूक खरोखर करतो, ती पुढच्या बैठकीत टीपेच्या रकान्यात जाते, आणि ती चूक बंद झाली की टीप खोडून टाकता येते.