जुन्या टाइल्सवर नव्या बसवताय? या चुका टाळा

जुनी फरशी फोडायची म्हटली की धूळ, मलबा आणि शेजाऱ्यांची कुरबूर आलीच. म्हणून नागपुरात बरेच जण 'वरच बसवून टाका' असं मिस्त्रीला सांगतात. हे काम नीट होऊ शकतं, पण खालची फरशी त्या लायकीची असेल तरच. फ्लॅटमधली १० बाय १२ फुटांची, अटॅच्ड बाथरूम असलेली बेडरूम धरा. खाली २ बाय २ फुटांच्या ३० जुन्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत.

फरशी न ठोकता निर्णय घेणं

लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये ठोका. जिथे बद्द, पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली करा. नवी टाइल जुनीला कितीही घट्ट चिकटली, तरी जुनीच मसाल्यापासून सुटलेली असेल तर दोन्ही थर एकदम उचलतात. ३० पैकी दोन-तीन टाइल्स बद्द निघाल्या तर तेवढ्याच काढा, खालचा सुटा मसाला खरवडा, सिमेंट-वाळूने जुन्या फरशीच्या पातळीपर्यंत भरा आणि आठवडाभर पाणी मारा. त्याहून जास्त निघाल्या तर सगळी फरशी काढलेलीच बरी.

तळमजल्यावर आणखी एक गोष्ट बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एकच तडा सलग तीन-चार टाइल्समधून गेला असेल किंवा खोलीचा एखादा कोपरा खचला असेल, तर दोष टाइलचा नाही, खालच्या भरावाचा आहे. वरून बसवली तर तोच तडा नव्या टाइलमध्ये उमटेल. अशा ठिकाणी फोडण्याला पर्याय नाही.

चकचकीत टाइलवर सिमेंटची स्लरी

सर्वात महागात पडणारी चूक हीच. व्हिट्रिफाइड टाइल जवळपास पाणी शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटला धरायला जागा मिळत नाही. सुरुवातीला सगळं घट्ट वाटतं, मग काही महिन्यांत पोकळ आवाज सुरू होतो. बरेचदा यावर उपाय म्हणून छिन्नीने टाचे मारतात, पण त्या हादऱ्याने चांगली बसलेली टाइलही सुटते. त्याऐवजी ग्राइंडरला डायमंड कप लावून चकाकी घासून काढा. फिनाइल, तेल, पॉलिश हे सगळं साबणाच्या पाण्याने धुऊन फरशी कोरडी होऊ द्या. मग पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखे गोळा होऊन राहिले तर अजून तेलकटपणा आहे, परत धुवा.

अॅडेसिव्ह घेताना पोत्यावर 'टाइलवर टाइल'साठी चालतं असं लिहिलेलं आहे का ते वाचा. कंपनीने प्रायमर सांगितला असेल तर तो टाळू नका. ४ मिमी थर धरला तर १२० चौरस फुटांना २० किलोची चार पोती लागतील. दातेरी थापीने खाली पसरा आणि नव्या टाइलच्या मागची पांढरी पावडर पुसून तिथेही पातळ हात फिरवा. पहिल्या काही टाइल्सपैकी एक लगेच उचलून बघा. कोपऱ्यांसकट मागची बाजू भरलेली दिसली पाहिजे.

एप्रिल-मे मध्ये काम असेल तर पंखा आणि कूलर बंद ठेवा. वाऱ्याने अॅडेसिव्हवर साय धरते आणि त्यावर ठेवलेली टाइल चिकटत नाही. एका वेळी एक-दोन टाइल्सपुरतंच पसरा. बोट लावल्यावर अॅडेसिव्ह बोटाला लागलं नाही, तर ते खरवडून फेका.

जुनी स्कर्टिंग आधी काढा आणि भिंतीकडेला ५-६ मिमी फट मोकळी सोडा, ती नव्या स्कर्टिंगखाली झाकली जाते. टाइल्समध्ये २-३ मिमी स्पेसर ठेवा. ही जागा नसेल तर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापल्यावर, टाइल्स मधोमध उचलून तंबूसारख्या उभ्या राहतात.

उंची फक्त दारापाशी मोजणं

टाइल ९ मिमी आणि अॅडेसिव्ह ४ मिमी, म्हणजे १३ मिमी. दाराखाली ६ मिमी फट असेल तर दार उतरवून १२ मिमी कापा, मग ५ मिमी फट राहील. हे सगळ्यांना सुचतं. पण हॉल तसाच ठेवणार असाल तर दारात १३ मिमीची ठेच लागेल, तिथे उतरती ग्रॅनाइट पट्टी बसवावी लागेल.

बाथरूमचा हिशेब वेगळा आहे. बाथरूम खोलीपेक्षा १५ मिमी खाली असेल आणि फक्त तिथेच नवा थर दिला, तर उरतात २ मिमी, आणि बादली उलटली की पाणी बेडरूममध्ये. दोन्हीकडे थर दिला तर फरक १५ मिमीच राहतो, मात्र जाळीही तेवढीच वर घ्यावी लागते. जुना ढाळ चुकीचा असेल तर तोच नव्या फरशीत उतरतो. म्हणून आधी एक बादली पाणी ओता. ते जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचलं, किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल असेल, तर बेडरूमची फरशी वरून करा पण बाथरूम मात्र फोडून, वॉटरप्रूफिंग नव्याने करूनच बांधा.