हेल्मेटमुळे केस गळतात असं वाटतंय? आधी या चुका टाळा

माझ्या भाच्याने नोव्हेंबरात नवीन हेल्मेट घेतलं आणि महिन्याभरात आतल्या अस्तराला केसांचा पुंजका दिसायला लागला. घरात एकमुखाने निकाल लागला: डोक्याला हवा लागत नाही, म्हणून केस जातायत. पुण्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्याने हेल्मेट घालणं सोडलं, आणि मला खरी काळजी त्याची वाटली.

केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं आणि त्याला प्राणवायू रक्तातून मिळतो. टोपी किंवा हेल्मेटने तो अडत नाही. रोज 50 ते 100 केस तसेही गळतात. सुटलेले केस हेल्मेट काढताना अस्तरात गोळा होतात, एवढंच.

मोठी चूक असते ती हिशेबाची. केस गळू लागले की आपण त्याच आठवड्यात काय बदललं ते शोधतो. मोजायला हवं दोन-तीन महिने मागे. जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा अति कडक डाएट झालं की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवतात, पण लगेच सुटत नाहीत. भाच्याला सप्टेंबरात डेंगी झाला होता! गळलेले केस काळ्या कापडावर ठेवून पाहिले, तर टोकाला बारीक पांढरी गाठ होती. म्हणजे केस तुटले नव्हते, मुळातून सुटले होते. डोकं सगळीकडून सारखंच विरळ झालं होतं. मार्चपर्यंत गळती ओसरली आणि कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले. हेल्मेट तोवर पुन्हा डोक्यावर होतं.

कपाळाचे कोपरे मागे सरकतायत किंवा टाळू दिसू लागलीय, तर गोष्ट वेगळी. ते आनुवंशिक टक्कल, आणि ते फक्त आईकडून येतं हेही खरं नाही, दोन्हीकडून येतं. हेल्मेट सर्वांत घट्ट बसतं कानांच्या वर आणि मागे, पण या टकलात नेमके तिथलेच केस टिकतात. इथे चूक होते ती तेलं बदलत वर्षं घालवण्याची. बारीक होत गेलेलं मूळ एकदा पुरतं आक्रसलं की औषधाचा उपयोग फार कमी होतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा. मिनॉक्सिडिल दिलं, तर फरक कळायला चार-सहा महिने लागतात. महिन्यात सोडू नका.

केस हातात येतात म्हणून न्हाणं टाळणंही चूकच. सुटलेला केस आज नाही तर उद्या पडणारच, आणि घाम साचून कोंडा मात्र वाढतो.

हेल्मेटचा दोष असतोच, तर तो घासण्याचा. फार घट्ट असेल, किंवा आत केस ताणून बांधले असतील, तर त्या ठरावीक जागीच केस तुटतात. योग्य मापाचं घ्या, केस सैल बांधा, आत सुती रुमाल घाला, अस्तर निघत असेल तर धुऊन वाळवा. गुळगुळीत गोल चट्टा दिसला तर ती चाई असू शकते. तेव्हा मात्र थेट डॉक्टरांनाच दाखवा.