पॅलेटच्या फळ्या न चिरता बागेतला बाक

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या आसपास माल उतरल्यावर उरलेली पॅलेटे विकत मिळतात. घेताना शिक्का पाहावा. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले, ते घ्यावे. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड वायूने धुरी दिलेले, ते घेऊ नये. तेलकट डाग असलेलेही सोडावे. आपल्या बाकाला तीन जाड दांड्यांची, साधारण १२० बाय १०० सेंटिमीटरची दोन पॅलेटे पुरतात.

फळी चिरते ती बहुधा टोकाला. खिळे पीळदार असल्याने लाकडाला घट्ट धरतात आणि टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच असतात, त्यामुळे पहारीने उचकटताच वाळलेली फळी खिळ्याच्या रेषेत फुटते. म्हणून टोकाचा खिळा उपटू नये, कापावा. खिळ्याला लागून फळी आणि दांडा यांच्यामध्ये लाकडी पाचर हलकेच ठोकावी, दोन-तीन मिलिमीटर फट पडली की एका बाजूला चिंधी गुंडाळलेले हॅक्सॉचे पाते आत सरकवून खिळा कापावा. फट पाडताना चर्र असा आवाज आला तर तिथेच थांबून पाचर खिळ्याच्या दुसऱ्या बाजूला लावावी. दोन्ही टोके सुटल्यावर मधला दांडा उरतो. तिथले खिळेही असेच कापावेत, पण आता फळी मोकळी असल्याने घाई झाली तरी नुकसान कमी होते. फळीतला खिळ्याचा तुकडा मागून ठोकला की डोके वर येते. दांड्यातली टोके कापून कानसावी, नाहीतर पुढे करवतीचे दात जातात.

आता खाच नसलेल्या दोन दांड्यांचे ११० सेंटिमीटर लांबीचे तुळईवजा तुकडे करावेत. दुसऱ्या दोन दांड्यांतून प्रत्येकी ४२ सेंटिमीटरचे दोन पाय निघतात आणि ३५ सेंटिमीटरच्या आसपास तुकडा उरतो, तो बाकाची एकूण रुंदी तुळयांसकट ४२ सेंटिमीटर भरेल एवढा कापून दोन पायांमध्ये आडवा लावावा. पाय तुळईच्या आतून, वरच्या कडा समपातळीत ठेवून, आठ मिलिमीटरच्या दोन नट-बोल्टांनी जोडावेत. बोल्ट एकाखाली एक न लावता तिरके लावावेत, म्हणजे बाक लांबीच्या दिशेने डुगडुगत नाही. मधला तुकडा पायांच्या बाहेरून लांब स्क्रू मारून बसवावा.

बैठकीच्या फळ्या लांबीने न टाकता ४२ सेंटिमीटरचे तुकडे करून आडव्या टाकाव्यात. तुळयांमधले अंतर कमी असल्याने पातळ फळी वाकत नाही, आणि एखादे टोक चिरलेच असेल तर ते कापून उरलेली फळी वापरता येते. दोन फळ्यांत पाच मिलिमीटर फट ठेवावी, कारण पावसात लाकूड फुगते. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे; एवढा वेळ घालवून वाचवलेली फळी शेवटच्या स्क्रूने फुटणे फार जिव्हारी लागते. खाऱ्या हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

पाणी शोषतात ती पायांची कापलेली टोके. त्यांना दोन-तीन हात जवसाचे तेल द्यावे आणि बाक मातीत न ठेवता चिऱ्यांवर ठेवावा. वाळवी चढू लागलीच तर चिऱ्यावरच्या मातीच्या रेषेवरून ती वेळीच दिसते.