पाठवणीच्या फोटोत काचेआडचा चेहरा धुरकट आलाय? साफ करताना या चुका टाळा

पाठवणीचा फोटो बहुतेक वेळा बंद काचेतूनच निघतो. नवरी मागच्या सीटवर बसलेली असते, एसीमुळे काच वर असते, बाहेर माणसांची गर्दी असते आणि ‘जरा काच खाली करा’ म्हणायची ती वेळ नसते. घरी येऊन फोटो उघडला की चेहऱ्यावर राखाडी-निळसर पडदा दिसतो, गालावर कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब असतं आणि वरच्या कोपऱ्यात आभाळ चमकत असतं. असा फोटो बऱ्यापैकी वाचवता येतो. पण घाईत लोक त्याच त्या चुका करतात आणि धुरकट फोटोचा काळवंडलेला फोटो होतो.

आधी काचेत नेमकं काय घडतं ते पाहू. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, समोरून पाहिलं तर, साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो. दोन्ही बाजू धरून 8 टक्के. आकडा छोटा वाटतो, पण बाहेर ऊन आणि आत सावली असली की बाहेरच्या उजेडाचे हे 8 टक्केसुद्धा आतल्या चेहऱ्याला झाकून टाकतात. त्यात गाडीची काच किंचित रंगीत असते. आपल्याकडच्या नियमानुसार बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा, म्हणजे आतल्या चेहऱ्याचा बराच उजेड काच वाटेतच अडवू शकते. प्रतिबिंबाला मात्र ही अडचण नसते. त्याचा निम्मा भाग तर काचेत न शिरताच परततो.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. प्रतिबिंब म्हणजे चेहऱ्याच्या उजेडात वरून मिसळलेला जादा उजेड. दुरुस्ती म्हणजे तेवढा उजेड वजा करणं. नुसता कॉन्ट्रास्ट वाढवून हे काम होत नाही.

डीहेझ पूर्ण उजवीकडे ओढणं

ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. डीहेझ हा स्लायडर मुळात लांबच्या डोंगरावरच्या धुक्यासाठी आहे. काचेवरचा पडदा तसा नसतो. तो कपाळावर दाट, हनुवटीवर विरळ आणि केसांवर तिसऱ्याच रंगाचा असू शकतो. अख्ख्या फोटोवर डीहेझ +60 केलं की पडदा जिथे नव्हताच तो भाग काळा पडतो. गाडीची चौकट, सीटची पाठ, शालूची गडद बाजू यांतला तपशील जातो. चेहरा नारिंगी होतो. ओळखायची खूण सोपी आहे: कुंकू पाहा. ते लाल न राहता काळपट तपकिरी झालं असेल, किंवा नथीच्या मोत्यांभोवती राखाडी कडा आली असेल, तर डीहेझ जास्त झालं आहे.

त्याऐवजी काचेच्या आत एखादी अशी गोष्ट शोधा, जी खरोखर काळी असायला हवी. नवरीचे केस त्यासाठी उत्तम, पण तेलाची चमक असलेला भाग सोडून अंबाड्याच्या सावलीतला भाग घ्या. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरचा नमुना 5 बाय 5 पिक्सेलच्या सरासरीवर ठेवा आणि इन्फो पॅनेलमध्ये आकडे वाचा. समजा, केस लाल 48, हिरवा 55, निळा 68 दाखवतायत. काळे केस सावलीत तिन्ही रंगांत 14 च्या आसपास असायला हवेत. म्हणजे पडदा आहे, आणि निळा आकडा सर्वांत मोठा असल्यामुळे तो आभाळाचा आहे.

आता लेव्हल्सची लेयर घ्या, फक्त काचेच्या आतल्या भागाचा मास्क लावा आणि प्रत्येक रंगाच्या चॅनेलमध्ये डावीकडचा काळा बाण वेगवेगळा सरकवा: लालमध्ये 36, हिरव्यात 43, निळ्यात 57. तिन्ही आकडे 14 वर येतात आणि केस पुन्हा काळे दिसतात. या टप्प्यावर चेहरा अपेक्षेपेक्षा गडद होईल, घाबरू नका. लेव्हल्स मधल्या छटांमधून गरजेपेक्षा थोडं जास्तच काढून घेतं. म्हणून शेवटी मधला बाण 1.2 च्या आसपास न्या. गजरा हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. फुलांच्या पाकळ्या एकमेकींपासून वेगळ्या दिसल्या पाहिजेत, पांढरा गोळा होता कामा नये.

आधी व्हाइट बॅलन्स, मग बाकीचं

चेहरा निळसर दिसला की हात आधी टेम्परेचरच्या स्लायडरकडे जातो. क्रम इथेच चुकतो. व्हाइट बॅलन्स प्रत्येक रंगाला गुणतो, तर पडदा हा बेरजेने आलेला आहे. त्यामुळे गाल बरा दिसेपर्यंत फोटो उबदार केला, तर गजरा आणि मोती पिवळे होतात आणि केसांतला निळसरपणा तसाच राहतो. एकाच चेहऱ्यात उजेड पिवळा आणि सावली निळी दिसली, की क्रम उलटा झाला म्हणून समजा. आधी पडदा वजा करा, मग काचेचा स्वतःचा हिरवटपणा उरेल तेवढाच व्हाइट बॅलन्सने काढा. तो सहसा टिंट किंचित मॅजेंटाकडे नेला की जातो.

चेहऱ्याचा मास्क करणं

ही चूक समजायला थोडी अवघड आहे आणि माझ्या मते फोटो इथेच बनतो किंवा बिघडतो. पडदा निघाल्यावर गालावर सदऱ्याचा फिकट पट्टा उरतो. बहुतेक जण सॉफ्टवेअरला चेहरा निवडायला लावतात आणि अख्खा चेहरा गडद करतात. मग पट्टा तसाच राहतो, फक्त उरलेला चेहरा काळवंडतो. मास्क चेहऱ्याच्या आकाराचा नको, प्रतिबिंबाच्या आकाराचा हवा. सदऱ्याची कड जिथे संपते तिथेच मास्क संपला पाहिजे. प्रतिबिंब बहुधा फोकसबाहेर असतं, तेव्हा जितकी त्याची कड मऊ, तितकंच मास्कचं फेदर ठेवा.

किती दुरुस्त करायचं हेही अंदाजाने ठरवायची गरज नाही. काचेत तुमचं स्वतःचंही प्रतिबिंब असतं, आणि तुमचे कपडे गडद असतील तर तेवढ्या भागातून आतलं जवळजवळ स्वच्छ दिसतं. चेहऱ्याचा निदान एखादा तुकडा तरी अशा गडद सावलीत सापडतो. तो तुकडा तुमचा नमुना, उरलेला चेहरा त्याला जुळवायचा.

उदाहरण घेऊ. उजवा गाल स्वच्छ भागात आहे आणि तिथे आकडे आहेत 186, 140, 112. डाव्या गालावर सदरा पडला आहे आणि तिथे 205, 166, 144. लाल 19 ने वाढला, पण निळा 32 ने. पांढरा उजेड सगळ्या रंगांत सारखाच मिसळला, तरी आकड्यांमध्ये गडद रंग जास्त उचलला जातो, म्हणून त्वचा फिकट आणि निर्जीव वाटते. आता पट्ट्यातली भुवई मोजा. ती साधारण 98 दाखवते, स्वच्छ बाजूची 14.

या पट्ट्याच्या मास्कवर लेव्हल्सऐवजी कर्व्हज घ्या. लेव्हल्सचा काळा बाण 60 वर नेला तर गालाचे आकडे 190, 139, 110 होतात, म्हणजे छान जुळतात, पण भुवई 50 वरच अडकते आणि राखाडी दिसते. कर्व्हजमध्ये एकाच रेषेवर चार बिंदू ठेवा: 98 ला 14, 144 ला 112, 166 ला 140 आणि 205 ला 186. गाल आणि भुवई दोन्ही जुळतात. सदरा पांढरा होता म्हणून तिन्ही रंगांना एकच रेषा पुरते. तिथे एखादी लाल पैठणी असती, तर लाल चॅनेलची रेषा वेगळी करावी लागली असती. कर्व्हज लावल्यावर रंगाचा पुसट डाग राहिला, तर वर एक रिकामी लेयर कलर मोडवर घ्या, स्वच्छ गालाचा रंग उचला आणि मऊ ब्रशने अगदी कमी ओपॅसिटीवर फिरवा.

याची एक किंमत मोजावी लागते. त्या रेषेचा खालचा भाग दुपटीहून अधिक चढा आहे, म्हणजे तिथला नॉइजही दुप्पट होतो. नॉइज रिडक्शन त्याच मास्कपुरतं द्या. अख्ख्या चेहऱ्यावर दिलं तर स्वच्छ बाजूची त्वचा मेणचट होईल. शिवाय फोटो जेपेगमध्ये असेल तर प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्याच हातात असतात. त्या इतक्या ताणल्या की गालावर पट्टे उमटतात. रॉ फाइलमध्ये हा त्रास फारसा होत नाही.

जळालेल्या जागेतून चेहरा काढू पाहणं

आभाळ किंवा हॅलोजनचं प्रतिबिंब जिथे तिन्ही रंगांत 255 ला टेकलं आहे, तिथे वजा करायला काही शिल्लकच नसतं. तिथे कर्व्हज खाली ओढला तर सपाट राखाडी ठिगळ मिळतं. डोळा अशा ठिगळाखाली असेल तर क्लोन स्टॅम्पने दुसऱ्या डोळ्याची नक्कल चिकटवू नका. नजर चुकते आणि घरच्यांना ते लगेच कळतं.

यावर खरा उपाय दुसऱ्या फ्रेमचा. कॅमेरा वीतभर सरकला तरी प्रतिबिंब चेहऱ्यावरून बाजूला होतं. सलग काढलेल्या फ्रेम्समध्ये मान आणि नजर सारखी असलेली दुसरी फ्रेम शोधा, दोन्ही लेयर्स `Edit > Auto-Align Layers` ने जुळवा आणि फक्त जळालेल्या जागेपुरता खालचा थर उघडा. दोन्ही फ्रेम्सवर पडदा काढायचं काम आधी झालेलं हवं, नाहीतर जोड दिसतो. अशी फ्रेम नसेल, तर ती चमक तशीच ठेवलेली बरी.

पोलरायझर लावला, म्हणून निर्धास्त होणं

काचेला लंब रेषेपासून साधारण 55 अंश तिरकं उभं राहिलं, तर पोलरायझर प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. दाराच्या अगदी समोर उभं राहिलं तर काहीच करत नाही, उलट एक ते दोन स्टॉप उजेड खातो. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, त्यामुळे पोलरायझरमधून त्यांवर ठिपक्यांची जाळीही उमटू शकते. ती चेहऱ्यावर आली तर काढणं सदऱ्याच्या पट्ट्यापेक्षा कठीण. पाठवणीच्या गर्दीत त्यापेक्षा गडद कपडे घालून काचेजवळ जाणं आणि मागे कुणाला तरी काळी छत्री धरायला सांगणं जास्त उपयोगी पडतं. म्हणजे तो स्वच्छ तुकडा एका गालापुरता न राहता अख्ख्या चेहऱ्याएवढा होतो.

शेवटी काचेच्या कडेचं काय करायचं, ते ठरवा. वरच्या कडेला आभाळाची फिकट पट्टी आणि बाहेर उभ्या आईचं अस्पष्ट प्रतिबिंब असेल, तर त्यांना हात लावू नका. मास्क फक्त चेहरा, केस आणि हातातला हिरवा चुडा इथवर न्या आणि बाहेर हळूहळू विरू द्या. सगळंच पुसलं तर काच आहे हेच कळत नाही, आणि गाडीच्या चौकटीत कुणीतरी कापून चिकटवल्यासारखी नवरी दिसते.