पीनट बटरचा ‘एक चमचा’ नक्की किती? या चुका टाळा

धान्य मापाने घेतलं जायचं तेव्हा माप सपाट की शिगेचं हे आधीच ठरलेलं असायचं, कारण वरच्या शिगेत बरंच धान्य जातं. कॅलरी मोजताना आपण नेमकं तेच विचारायला विसरतो. अ‍ॅपमध्ये ‘पीनट बटर, 1 टेबलस्पून’ असं लिहितो आणि बरणीतून शीग लावून भरलेला चमचा काढतो.

अ‍ॅपमधला टेबलस्पून म्हणजे 15 मिलीचं सपाट माप. त्यात पीनट बटर साधारण 16 ग्रॅम बसतं. 100 ग्रॅमला सुमारे 600 कॅलरी धरल्या, तर त्या चमच्याच्या 96 होतात. शीग लावून काढलेल्या चमच्यात 28 ते 32 ग्रॅम सहज येतं. म्हणजे नोंद एका चमच्याची होते आणि पोटात जवळजवळ दोन जातात.

साखरेचं असं होत नाही. साखर सुटी असते. ढीग ठरावीक उतारापलीकडे गेला की दाणे घरंगळून खाली पडतात, त्यामुळे शीग आपोआप थांबते. चहाच्या चमच्यात सपाट 4 ग्रॅम साखर बसत असेल, तर शिगेने 6-7 ग्रॅम होते. फरक 3 ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम 12 कॅलरींचा. पीनट बटर चिकट असल्याने ते घरंगळत नाही. वर डोंगर राहतो, चमच्याच्या पाठीलाही थर चिकटून येतो. त्यात प्रत्येक ग्रॅमला साखरेच्या दीडपट कॅलरी. बरणी फ्रीजमधली असेल तर घट्ट गोळाच निघतो आणि शीग आणखी उंच होते.

दिवसाचा हिशेब

समजा, सकाळी ब्रेडच्या दोन स्लाइस आणि प्रत्येकीवर एक चमचा पीनट बटर. नोंद 192 कॅलरींची झाली. चमचा खरा 30 ग्रॅमचा असेल तर पोटात 360 गेल्या, म्हणजे 168 जास्त. दिवसभरात तीन कप चहा, प्रत्येकी एक चमचा साखर शिगेने, त्याच्या आणखी 36. एकूण चूक 204 कॅलरींची. वजन कमी करायला रोज 300 कॅलरी कमी खायचं ठरवलं असेल, तर त्यातल्या दोन तृतीयांश इथेच भरून निघतात. मग ‘सगळं लिहितो, तरी काटा हलत नाही’ अशी तक्रार सुरू होते. माणूस भात आणखी कमी करतो, उपाशी राहतो. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण भाताचा इथे काही दोषच नसतो.

चूक होते आहे हे कसं ओळखाल?

नवी बरणी उघडताना झाकणावर तारीख लिहा. 340 ग्रॅमच्या बरणीत 16 ग्रॅमचे 21 चमचे निघतात. रोज दोन चमचे खाणाऱ्याला ती दहा दिवस पुरायला हवी. सहाव्या दिवशीच तळ दिसला आणि घरात दुसरं कुणी खात नसेल, तर तुमचा चमचा 28 ग्रॅमच्या आसपास आहे. बरणीतल्या पीनट बटरच्या वजनाला चमच्यांच्या संख्येने भागा, तुमच्या हाताचं खरं माप मिळेल.

मापायचं कसं?

पीनट बटर चमच्याने मापूच नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उघडी बरणी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि हवं तेवढं काढून घ्या. काटा उणे 18 दाखवत असेल, तर 18 ग्रॅम निघालं. चमचा चाटला तरी तेही यात धरलेलं असतं. पीनट बटर लावलेल्या ब्रेडचं वजन करण्यापेक्षा ही रीत बरी, कारण तिथे चमच्याला राहिलेलं सुटून जातं.

तेल वर तरंगणारं पीनट बटर असेल तर आधी तळापासून ढवळा. नुसतं तेल ग्रॅमला 9 कॅलरींचं असतं, म्हणून वरवरच्या चमच्यात कॅलरी जास्त येतात आणि तळाचा कोरडा निघतो.

साखरेला उलटी अडचण येते. घरचा काटा बहुधा 1 ग्रॅमपर्यंतच दाखवतो. 4 ग्रॅमच्या चमच्यात तेवढीच चूक पाव हिश्शाची होते. म्हणून तुमच्या नेहमीच्या चमच्याने, नेहमीसारखेच भरलेले दहा चमचे वाटीत काढा, वजन करा, दहाने भागा. 68 ग्रॅम भरलं तर तुमचा चमचा 6.8 ग्रॅमचा, सुमारे 27 कॅलरींचा. हे एकदाच करायचं. पुढे तोच चमचा साखरेच्या डब्यात ठेवा. घरातले स्टीलचे चमचे एका मापाचे नसतात. पसरट, उथळ चमच्यात तर खोलगटापेक्षा शिगेचाच वाटा मोठा असतो, तेव्हा चमचा बदलला की दहा चमचे पुन्हा मोजा.