देवनागरीत शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

पटकथा फाउंटन पद्धतीने, म्हणजे साध्या टेक्स्टमध्ये लिहिणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: पीडीएफ काढली की पात्रांची नावं आणि संवाद मधोमध न येता डावीकडे ॲक्शनसारखे, म्हणजे दृश्याच्या वर्णनासारखे छापले जातात. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. कॅपिटल अक्षरांत लिहिलेली ओळ म्हणजे पात्राचं नाव, असं ते धरून चालतं, आणि देवनागरीत कॅपिटल नाहीत. नावाआधी `@` टाका. नावाच्या वर एक रिकामी ओळ हवी, खाली मात्र नको. खाली रिकामी ओळ सोडलीत तर संवाद पुन्हा ॲक्शनमध्ये जातो.

```
INT. स्वयंपाकघर - रात्र

सुमन दोन कप मांडते. थबकते.
एक कप परत फडताळात ठेवते.

@सुमन
दार उघडंच आहे.
```

स्लगलाइन, म्हणजे सीनची जागा आणि वेळ सांगणारी ओळ, `INT.` किंवा `EXT.` ने सुरू केली तर आपोआप ओळखली जाते. 'अंतर्गत' असंच लिहायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक टिंब द्या: `.अंतर्गत. स्वयंपाकघर - रात्र`.

स्लगलाइनमधली खरी महागडी चूक वेगळीच आहे. पहिल्या सीनला 'स्वयंपाकघर', चौथ्याला 'किचन', सातव्याला 'सुमनचं घर' असं लिहिलं, की ब्रेकडाउन, म्हणजे शूटिंगसाठी लोकेशन आणि सामानाची यादी काढणारा असिस्टंट तीन लोकेशन्स मांडून बसतो. एकच नाव शेवटपर्यंत ठेवा. सुमन स्वयंपाकघरातून अंगणात गेली तर नवी स्लगलाइन हवीच, कारण तिथे लाइट नव्याने लावावा लागतो. 'घर आणि अंगण' अशी जोडगोळी चालत नाही.

ॲक्शनमध्ये बहुतेक जण कथा लिहायला लागतात. 'सुमनला दिवंगत नवऱ्याची आठवण येते' हे कॅमेऱ्याला दिसणार कसं? वरच्या उदाहरणात तेच दोन कपांतून आलं आहे, आणि कलादिग्दर्शकाला किती कप लागतील तेही कळलं. वर्तमानकाळात लिहा. तीन-चार ओळींनंतर परिच्छेद तोडा.

संवादाखाली कंसातल्या सूचना जपून वापरा. प्रत्येक वाक्याला '(रागाने)' लावलं, की नट ते वाचणंच सोडून देतात. वाक्याचा अर्थ उलटा लागण्याची शक्यता असेल तेव्हाच कंस हवा. '(उठून खिडकी लावते)' ही ॲक्शन आहे, तिला स्वतंत्र ओळ द्या.

शेजारीण दाराबाहेरून बोलत असेल तर नावापुढे `(O.S.)`. निवेदन किंवा फोनवरचा आवाज असेल तर `(V.O.)`. ही अदलाबदल शूटिंगच्या दिवशी जाणवते: पहिली त्या जागी हजर आहे, फक्त फ्रेमबाहेर, दुसरा आवाज बहुधा नंतर स्टुडिओत घेता येतो.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब १२ पॉइंट कुरियरमधल्या इंग्रजी पानाचा. देवनागरी फॉन्ट बदलला की पानंही बदलतात. १० मिनिटांची मर्यादा असेल तर ॲक्शनच्या थांब्यांसकट स्क्रिप्ट मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा.